भारत-कॅनडा हिशेब आणि त्यातला T

> "भारताचा दरडोई पर्यावरणीय ठसा एवढा कमी, तरी आपण तुटीत आणि कॅनडा शिलकीत कसा?"

ठसा म्हणजे आपला वापर भागवायला आणि त्यातला कार्बन जिरवायला लागणारी जमीन-पाणी, जैवक्षमता म्हणजे देशाकडे असलेली तशी जमीन-पाणी. ठसा जास्त तर तूट, जैवक्षमता जास्त तर शिलक. दोन्ही जागतिक हेक्टरमध्ये, म्हणजे जगातल्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये मोजतात. ढोबळ आकडे घेऊ. भारतात माणशी ठसा सुमारे 1.2 जागतिक हेक्टर, जैवक्षमता 0.4. कॅनडात ठसा 8, जैवक्षमता 15. आता लोकसंख्येने गुणा. 140 कोटींची जैवक्षमता 56 कोटी हेक्टर आणि 4 कोटींची 60 कोटी, म्हणजे जवळपास सारखीच! ठसा मात्र आपला 168 कोटी, त्यांचा 32 कोटी. त्यांची शिलक काटकसरीची नाही, विरळ वस्तीची आहे.

आता पर्यावरणावरचा भार मांडणारं समीकरण I = P × A × T घेऊ. I म्हणजे एकूण भार, इथे देशाचा ठसा; P म्हणजे लोकसंख्या; T म्हणजे तंत्रज्ञान, उत्पन्नाच्या दर एककामागे पडणारा भार. A म्हणजे दरडोई उत्पन्न: भारत अंदाजे 2,500 डॉलर, कॅनडा 54,000. दर 10,000 डॉलरमागे ठसा (T) आपला 4.8, त्यांचा 1.5. त्यावरून त्यांचं तंत्रज्ञान तिप्पट सरस, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो मला पटत नाही.

इथे पुण्यात केस कापायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी पट तिकडे लागतात, काम तेच. क्रयशक्तीनुसार उत्पन्न धरलं तर भारत सुमारे 10,000, कॅनडा 60,000. मग T येतो 1.2 आणि 1.3. फरक जवळजवळ पुसला गेला.

कारण T स्वतंत्रपणे मोजलेलाच नसतो. तो I ला P × A ने भागून काढतात, म्हणून समीकरण नेहमी जुळतं. ते जुळलं म्हणून कारण सिद्ध होत नाही. A बाजारातल्या विनिमय दराने मोजलाय की क्रयशक्तीनुसार, हे आधी विचारा.