मदत हवी आहे: बाबांना घास अडकतो, डॉक्टर दुर्बीण म्हणतात, घरचे नको म्हणतात

वणीकर_पोरगा:
नमस्कार मंडळी. बाबांचं वय 58, शेती आहे, वणीजवळच्या गावात राहतात. दिवाळीपासून म्हणतात की ज्वारीची भाकर छातीत थांबते. आधी वाटलं घाईत जेवतात म्हणून होत असेल, मग प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायला लागले, मग भाकर वरणात कुस्करून, आणि आता सरळ पातळ वरण-भात, तोही सगळे उठून गेले तरी यांचं ताट समोरच. मटण तर स्वतःहूनच बंद केलं, म्हणतात मन नाही होत. पॅन्ट ढिली झालीय, पण वजन कोणी केलं नाही. गावच्या डॉक्टरांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, चार-पाच दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता यवतमाळच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितलीय. खर्रा पंचवीस-तीस वर्षांपासून, दिवसाला तीन-चार पुड्या, आणि वावरात थुंकायला कोण जातो, रस गिळूनच टाकतात. चहा चुलीवरून उतरला की लगेच लागतो. दारू फक्त कार्यक्रमात. काका म्हणतात दुर्बीण घातली, तुकडा काढला की असलेला रोग पसरतो, म्हणून आधी साधा एक्स-रे काढा. बाबा बोट ठेवतात ते गळ्याच्या खाली, हाडाजवळ. तिथलंच काही असेल ना? काय करू?

चहाबाज_सोलापूर:
अॅसिडिटीच वाटते भाऊ. माझंही असंच होतं, गळ्यात गोळा अडकल्यासारखं, दुर्बीण केली, काही निघालं नाही, पंधरा दिवस गोळ्या घेतल्या आणि रात्रीचं जेवण लवकर केलं तर गेलं. उगाच घाबरवू नका त्यांना. आणि गरम चहाचं काय घेऊन बसलात, आपल्या आज्या-पणज्या उकळताच प्यायल्या.

खर्रा_सोडला_चंद्रपूर:
माझ्या लहान भावाला पण घास जात नव्हता, तो पण खर्रावाला. त्याचं तोंडच उघडेना, दोन बोटं पण जात नव्हती, तिखट लागलं की आग व्हायची. कातडी आवळते म्हणाले. फिजिओ आणि इंजेक्शनं चालू आहेत. तुमच्या बाबांचं तोंड किती उघडतं ते बघा आधी.

वणीकर_पोरगा:
तोंड नीट उघडतं दादा, चावून पण होतं, गिळल्यावर अडकतं. पण बघतो.

पोटाचा_डॉक्टर:
मी पोटविकाराचं काम करतो, रोज दुर्बीण करतो, म्हणून थोडं लांब लिहितो. चहाबाज यांचा गोळा आणि तुमच्या बाबांचं अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्यासारखं वाटतं तेव्हा जेवताना उलट बरं वाटतं, थुंकी गिळताना जाणवतं, आणि वजन उतरत नाही. इथे आधी भाकर, मग भात, मग पातळ, अशी पायरी-पायरीने उतरण आहे. अन्ननलिका रबरी नळीसारखी ताणते, त्यामुळे आतली वाट बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला कळत नाही, आणि तोवर पाण्याचा घोट घेऊन, मऊ करून खाऊन तो ते झाकत राहतो. म्हणून 'थोडंसंच अडकतं' याला मी लवकरचं लक्षण मानत नाही. अॅसिडिटीच्या गोळीने चार दिवस बरं वाटलं म्हणून सुटका नाही, वरच्या जखमेची आग कमी झाली तरी तसं वाटू शकतं.

गळ्याखाली बोट ठेवतात त्यावर जाऊ नका. अडथळा खाली असला तरी माणूस बऱ्याचदा वरच दाखवतो.

आधी बेरियमचा एक्स-रे काढायला हरकत नाही, पण त्याने नाव ठरत नाही, तुकडा घ्यावाच लागतो. बायोप्सीने रोग पसरतो ही भीती मी रोज ऐकतो, चिमटा दाण्याएवढा तुकडा काढतो, त्याने काही पसरत नाही, थांबण्याने मात्र वाढतो. रात्रभर उपाशी ठेवा, नळी अरुंद असेल तर अन्न आतच पडून राहतं म्हणून आदल्या संध्याकाळी फक्त पातळ द्या. घशात सुन्न करायचा फवारा मारतात, काम दहा-पंधरा मिनिटांचं.

आणि हे कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. पातळ आणि घट्ट दोन्ही पहिल्या दिवसापासून अडकत असेल तर नळीच्या खालच्या तोंडाचा स्नायू उघडत नाही असा वेगळा आजारही असतो, आम्लाने आवळलेली नळीही असते. ते सगळं दुर्बिणीतच वेगळं होतं.

मावशी_नाशिक:
बाळा, चहाचं खरं काय ते पण सांगा कोणी. आमच्याकडे तर कपात ओतला की तोंडाला.

पोटाचा_डॉक्टर:
मावशी, 65 अंशांच्या वर असलेलं कुठलंही पेय 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं. इराणच्या गोलेस्तान भागात या कॅन्सरचं प्रमाण फार, तिथे चहा किती गरम पितात ते मोजलं, आणि जास्त गरम पिणाऱ्यांत धोका जास्त निघाला. पण चीनमध्ये साडेचार लाख लोकांवरचा अभ्यास 2018 ला आला, त्यात उकळता चहा विडी-सिगारेट किंवा जास्त दारू यांच्याबरोबर असेल तेव्हाच धोका चढला, एकट्या चहाने नाही. म्हणजे चहाबाज यांच्या आज्या काही मूर्ख नव्हत्या, शिवाय त्या बशीत ओतून प्यायच्या, तेवढ्यात तो निवतो. खरं वजन तंबाखू आणि सुपारीचं. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे, म्हणून 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी' हे सोडून द्या. खर्ऱ्यात दोन्ही, वर चुना, आणि रस गिळला की तो सरळ अन्ननलिकेतून जातो.

चहाबाज_सोलापूर:
बरं डॉक्टर, बशीचा मुद्दा मान्य. पण गोळ्याचं मी चुकीचं नाही सांगितलं, माझं खरंच तेच होतं.

पोटाचा_डॉक्टर:
तुमचं तेच असेल, वाद नाही.

वणीकर_पोरगा:
झाली दुर्बीण. काकांना आत्याने समजावलं. रिपोर्टवर लिहिलंय 28 ते 33 सेंटिमीटरवर गाठीसारखी वाढ, दुर्बीण जोर लावून खाली गेली, तुकडे पाठवलेत. बायोप्सी यायची आहे. घरात कोणी जेवत नाही आहे. तुम्ही सांगा हे आकडे काय आणि तोवर बाबांना काय खायला देऊ, काल भात पण उलटला.

पोटाचा_डॉक्टर:
ते अंतर समोरच्या दातांपासून मोजतात, म्हणजे छातीच्या मध्यावर, आणि बाबा दाखवत होते त्याच्या बरंच खाली. तंबाखू-सुपारीवाल्यांचा कॅन्सर बऱ्याचदा याच टप्प्यात दिसतो, पण शिक्का बायोप्सीचाच. तोवर दूध, पातळ खिचडी मिक्सरमधून, अंडं घातलेलं दूध, सत्तू पातळ करून, थोडं-थोडं दिवसातून सहा वेळा, बसून, आणि जेवल्यावर तासभर आडवं पडू देऊ नका. वजन आज करा आणि दर आठवड्याला लिहा, कारण उपचार झेपतील की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. भाकर ढकलायला लावू नका. थुंकी पण उतरेना झाली, किंवा पाणी प्यायलं की ठसका लागायला लागला, तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी दवाखान्यात न्या, ठसक्याचा अर्थ श्वासनलिकेशी वाट जोडली गेलीय असाही असू शकतो. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती दुर्बिणीखाली घाला म्हणा, गावात अंदाजाने घालू देऊ नका.

मावशी_नाशिक:
आणि खर्रा? आत्ताच बंद करायचा का, की आधीच त्रासलेत म्हणून राहू द्यायचा?

पोटाचा_डॉक्टर:
आत्ताच. बायोप्सी कॅन्सरची निघाली तर या गाठीला बऱ्याचदा आधी केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन असा क्रम असतो, त्यात होणाऱ्या तोंड-घशाच्या जखमा भरून याव्या लागतात, खर्रा चालू असेल तर त्या भरायला त्रास होतो. शिवाय तोंड, जीभ, घसा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून बघून घ्या, याच माणसात तिथे दुसरी गाठ सापडायची शक्यता असते. छाती-पोटाचा सीटी बायोप्सीची वाट न बघता ठरवून ठेवता येतो, तेवढे दिवस वाचतात.

खर्रा_सोडला_चंद्रपूर:
मुंबईला टाटाला न्यायचं की नागपूरला? आमच्या शेजाऱ्यांना टाटाला नंबर लागायलाच वेळ गेला.

वणीकर_पोरगा:
हाच प्रश्न. रेडिएशन रोज असतं म्हणतात, मग महिनाभर राहायचं कुठे? जवळ नागपूर आहे, जन आरोग्य योजनेत बसतं का तेही विचारायचंय. सीटीचा नंबर मंगळवारचा मिळालाय, सोबत बायोप्सी आली तर इथेच टाकतो.