रोज 1,99,000 घेतले तर चालतं? व्यापारी संघातलं भाषण आणि रोखीची मर्यादा

गल्ला_77: काल आमच्या व्यापारी संघात रोखीच्या मर्यादेवर भाषण झालं, वक्ते चांगले बोलले. सार एवढंच की खर्चाला दिवसाला 10 हजार आणि जमेला दिवसाला दोन लाखांच्या आत. बिल मोठं असेल तर तीन-चार दिवसांत तोडून घ्यायचं, रोज 1,99,000 घेतले तरी कोणी विचारणार नाही. सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून टाकतोय.

कीर्दखतावणी: हे वाचून गप्प बसवेना. 1961 च्या आयकर कायद्यातलं खर्चाचं कलम 40A(3) दिवस मोजतं हे बरोबर. एका माणसाला आज 9,500 रोख, उद्या पुन्हा 9,500, तर खर्च मान्य होतो. पण जमेचं 269ST वेगळं आहे, तिथे दिवस हा तीन मोजण्यांपैकी फक्त एक. दुसरी मोजणी व्यवहाराची आणि तिसरी प्रसंगाची. तिन्हींपैकी एकीत जरी रोख दोन लाखांना टेकली तरी अडकलात.
माझ्याकडे हिशेबाला असलेल्या एका फर्निचरवाल्याचं सांगतो. बेड, सोफा, कपाट मिळून एकच बिल, 3,40,000 चं. गिऱ्हाइकाने 10 तारखेला 1,20,000 दिले, 12 ला 1,20,000 आणि 15 ला एक लाख, सगळे रोख. एकाही दिवशी दोन लाख नाहीत. पण तिन्ही पावत्यांवर बिल नंबर तोच, फर्निचरवाल्याच्याच हस्ताक्षरात. टॅक्स ऑडिटच्या 3CD फॉर्ममध्ये अशी जमा दाखवावीच लागते, ती दाखवली आणि पुढे दंडाच्या कलम 271DA ची नोटीस आली. दंड किती, तर जेवढी रोख घेतली तेवढाच, म्हणजे 3,40,000. त्या बिलात त्याला नफ्याचे सुटले होते चाळीसेक हजार. हेच 1,95,000 रोख आणि बाकीचा चेक घेतला असता तर काही झालं नसतं, कारण मोजतात ती रोख, बिलाचा आकडा नाही.

गल्ला_77: म्हणजे शंभर लोकांसमोर बोलणारा माणूस खोटं बोलला म्हणायचं का? शिकलेले आहेत ते. आणि गिऱ्हाईकच रोख घेऊन येतं त्याला काय करायचं, परत पाठवायचं?

कीर्दखतावणी: खोटं नाही, खर्चाचा नियम जमेला लावला. ही चूक ऐकणाऱ्याला महाग पडते, बोलणाऱ्याला नाही. दंड घेणाऱ्याला लागतो, देणाऱ्याला नाही, म्हणून गिऱ्हाईक निवांत असतं.

मंडपवाला: माझं सांगा. लग्नाची ऑर्डर होती, हळदीचा मंडप वेगळा, लग्नाचं डेकोरेशन वेगळं, रिसेप्शनचं वेगळं. तीन बिलं केली, 90 हजार, 80 हजार, 70 हजार. तारखा वेगळ्या, बिलं वेगळी, मुलीच्या वडलांनी सगळं रोख दिलं. हे तर चालेल ना?

कीर्दखतावणी: नाही हो. तुमच्यासाठीच ती तिसरी मोजणी आहे. लग्न एक, देणारा एक, रक्कम 2,40,000. बिलं कितीही फाडली तरी प्रसंग एकच राहतो.

मंडपवाला: पैसे तर घेऊन झालेत. आता हे सांगून काय उपयोग. हे वाचलं नसतं तर बरं झालं असतं, झोप तरी लागली असती.

जुना_मुनीम: खर्चाचंही एक ऐका. बिल 9,500 च्या आत ठेवायचं, एकाच दिवशी दोन बिलं, दोन व्हाउचर. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलंय, 20 हजारांची मर्यादा होती तेव्हापासून. कोणी काही म्हटलं नाही.

कीर्दखतावणी: काका, तुमच्या वेळी ते चालत होतं, खरंच चालत होतं, कारण तेव्हा एकेक पेमेंट वेगळं मोजायचे. ती वाट 2008 च्या फायनान्स अॅक्टने बंद केली, तेव्हापासून एका माणसाला दिवसभरात दिलेली सगळी रोख एकत्र धरतात. आणि 1 एप्रिल 2017 पासून 20 चे 10 हजार झाले. फक्त माल वाहतुकीच्या गाडीवाल्याला 35 हजारांपर्यंत सूट आहे.

जुना_मुनीम: असेल. पण तुमच्या पिढीला कागदाशिवाय काही दिसत नाही, आम्ही तोंडी शब्दावर धंदा केला.

आडत्या_भुसार: बाकी सगळं सोडा, बाजार समितीत या एकदा. शेतकरी सोयाबीन उतरवतो आणि हात पुढे करतो, खतवाल्याचे द्यायचेत, मजुरांचे द्यायचेत. त्याला सांगू का की 10 हजारच मिळतील, बाकी उद्या बँकेत बघ? तुम्ही एसीत बसून नियम सांगता, शिव्या आम्ही खातो.

कीर्दखतावणी: एसी नाही माझ्याकडे. आणि शेतकऱ्याला तुम्ही 10 हजारांत अडवता तो नियमच नाही. पिकवणाऱ्याला शेतमालाचे पैसे रोख दिले तर आयकराच्या नियम 6DD मध्ये खर्चाला सूट आहे. 3 नोव्हेंबर 2017 ला प्रत्यक्ष कर बोर्डाने सर्क्युलर 27 काढून सांगितलंय की पिकवणाऱ्याने व्यापाऱ्याला माल रोखीने विकला आणि रक्कम दोन लाखांच्या आत असली तर व्यापाऱ्याचा खर्च कापणार नाहीत आणि शेतकऱ्यालाही त्रास नाही.

आडत्या_भुसार: मग आमच्या ऑडिटवाल्याने गेल्या वर्षी मालाच्या हिशेबाच्या सगळ्या पट्ट्या लाल पेनाने का गोल केल्या? दोन दिवस दुकान बंद ठेवून कागद शोधले!

कीर्दखतावणी: त्या पट्ट्यांवर नावं कोणाची होती? शेतकऱ्याचीच, की गावोगाव माल गोळा करणाऱ्याची?

आडत्या_भुसार: दोन्ही. गोळा करणारेही असतात, त्यांच्याशिवाय सीझनमध्ये गाडी भरत नाही.

कीर्दखतावणी: तिथेच गोम आहे. गोळा करणारा पिकवणारा नाही, त्याला 10 हजारांवर रोख दिलीत तर तो खर्च जातो, म्हणजे जे मिळालंच नाही त्या नफ्यावर कर भरायचा. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव-गाव आणि सही ठेवा, गोळा करणाऱ्याचं खातं वेगळं ठेवा. आणखी एक, शेतकऱ्याची पट्टी 2,60,000 ची झाली तर आज 1,90,000 आणि उद्या 70 हजार रोख असं देऊ नका. व्यवहार एक आहे, नोटीस त्या शेतकऱ्याला जाईल. वरचे RTGS करा.

आडत्या_भुसार: हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. ठीक आहे, पट्टीचं मान्य. पण गोळा करणाऱ्याला बँकेत पैसे नको असतात, त्याचं काय करायचं ते तुमच्या नियमात नाही.

उधारीवही: माझा प्रश्न राहूनच गेला. किरकोळ दुकानदार आठवड्याला माल नेतो, बिलं 30-40 हजारांची, दर शनिवारी खात्यावर 50 हजार रोख टाकतो. वर्षाचे पंचवीस लाख होतात. हा एक व्यवहार की पन्नास?

कीर्दखतावणी: प्रत्येक बिल वेगळं असेल आणि पावतीवर कुठल्या बिलाचे पैसे ते लिहिलेलं असेल तर मी पन्नास धरतो. नुसतं ‘खात्यावर जमा’ लिहिलं तर अधिकाऱ्याशी वाद घालायला तुमच्या हातात काही राहत नाही. मात्र एकाच ऑर्डरचा माल चार खेपांत देऊन चार बिलं केली असतील तर तो एकच व्यवहार म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांना खोटं ठरवू शकत नाही.

जुना_मुनीम: बघा, तुमच्याकडेही उत्तर नाही.

गल्ला_77: मी वक्त्यांना फोन केला. ते म्हणाले वेळ कमी होता म्हणून व्यवहाराचं राहिलं. बरं, चूक झाली, पण शंभर जण तेच ऐकून गेलेत. पुढच्या सभेत पाच मिनिटं मागतो. कीर्दखतावणी, त्या फर्निचरवाल्याच्या तिन्ही तारखा आणि रकमा लिहून पाठवा, मी फळ्यावर मांडतो.