पायाच्या शिरा आणि मूळव्याध
"दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, तशीच मूळव्याधही होते का?"

अगदी तशीच नाही. पायाच्या शिरांत झडपा असतात आणि चालताना पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. एका जागी उभं राहिलं की हा पंप थांबतो. गुदाशयाच्या शिरांना झडपाही नाहीत नि पोटरीचा आधारही. तरी उभं राहण्यापेक्षा कुंथणंच जास्त नडतं.

माझी बहीण शिक्षिका. शाळेतलं घाण स्वच्छतागृह टाळायला ती दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ, सकाळी शौचाला खडा आणि लालभडक रक्त. डॉक्टरांनी तपासून मूळव्याधच असल्याचं सांगितलं. शिरांसाठीच्या घट्ट मोज्यांनी पाय हलके झाले, रक्त मात्र पाणी आणि इसबगोल सुरू केल्यावरच थांबलं. रक्त काळपट असेल तर मूळव्याध समजून अजिबात थांबू नका, लगेच दाखवा.