मदत हवी आहे : एच. पायलोरीचा कोर्स संपला, पण दोन तपासण्यांचे निकाल परस्परविरोधी आले आहेत

नारायणबाग_इंदूर

माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला असून तेव्हापासून ते रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतात. फेब्रुवारीत पोटात रात्री दुखू लागल्याने येथे इंदूरला एन्डोस्कोपी झाली, तीत लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण दिसला. रक्तस्राव नव्हता. त्याच वेळी जठरातून काढलेला तुकडा पिवळ्या द्रावणात टाकल्यावर तो रंग गुलाबी झाला आणि एच. पायलोरीचे निदान झाले.

१ मार्चपासून १४ दिवसांचा कोर्स दिला : क्लॅरिथ्रोमायसिन ५०० आणि अमॉक्सिसिलिन १००० मिलिग्रॅम, दोन्ही सकाळ-संध्याकाळ, आणि त्यांच्यासोबत पॅन्टोप्राझोल दोनदा. तेवढे दिवस कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी बंद ठेवली होती. नवव्या दिवशी तोंडाला धातूसारखी कडू चव येऊन जेवण जाईना, तेव्हा बाबांनी आम्हाला न सांगता दोन दिवस क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेच नाही. ही गोष्ट मला पाकिटात उरलेल्या गोळ्यांवरून कळली.

२९ मार्चला जवळच्या प्रयोगशाळेत शौचाची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. त्यानंतर एका आरोग्य तपासणी पॅकेजमध्ये रक्तातील आयजीजी अँटीबॉडी तपासली गेली, ती पॉझिटिव्ह आली. पॅन्टोप्राझोल आजपर्यंत, म्हणजे १० एप्रिलपर्यंत, रोज सकाळी चालू आहे. यांपैकी कोणत्या निकालावर विश्वास ठेवावा? चुकवलेल्या गोळ्यांमुळे जंतू उरला असेल अशी मला सतत भीती वाटते.

लष्कर_ग्वाल्हेर

रक्ताचा निकाल पॉझिटिव्ह असेल तर जंतू आहेच, हे मानून चालावे आणि वेळ न घालवता दुसरा कोर्स सुरू करावा. मात्र पुन्हा क्लॅरिथ्रोमायसिन घेऊ नये. आपल्याकडे या औषधाला दाद न देणारे जंतू बरेच आढळतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असलेला कोर्स देतात. माझ्या मेहुण्यांना तोच दिला होता. जीभ आणि शौच काळे पडते, त्याने घाबरू नये.

माधुरी_वडोदरा

मला वाटते मूळ प्रश्न जळजळीचा आहे. मलाही अनेक वर्षे आम्लपित्त होते, शेव आणि तिखट बंद केल्यावर ते कमी झाले. तुमच्या बाबांचे दुखणे आता थांबले आहे का? थांबले असेल तर जंतू गेला असे समजायला हरकत नाही, पुन्हा तपासणी कशाला करायची?

नारायणबाग_इंदूर

माधुरीताई, दुखणे पूर्ण थांबले आहे. पण ते जंतू गेल्यामुळे की पॅन्टोप्राझोलमुळे, हेच मला कळत नाही.

प्रयोगशाळा_वडोदरा

मी अनेक वर्षे निदान प्रयोगशाळेत काम केले आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. तपासण्यांबद्दल मात्र ठामपणे सांगते : तुमच्या दोन्ही निकालांवरून आज काहीच ठरत नाही.

प्रथम रक्ताचे पाहू. अँटीबॉडी म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेले प्रत्युत्तर, आणि जंतू मेल्यानंतरही ते रक्तात कित्येक महिने, कधी अनेक वर्षे टिकते. म्हणून कोर्सनंतर जंतू गेला की नाही हे ठरवण्यासाठी ही तपासणी वापरतच नाहीत. लष्करवाल्या बंधूंचे क्लॅरिथ्रोमायसिनबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. पण ज्या निकालावरून ते दुसरा कोर्स सुरू करायला सांगत आहेत, तो निकाल या कामाचा नाही. बिस्मथचा कोर्स दिवसातून चार वेळा घ्यावा लागणारा आणि त्रासदायक असतो, तो केवळ शंकेवरून ६४ वर्षांच्या माणसाला देऊ नये.

आता शौचाच्या तपासणीकडे वळू. तिच्यात जंतूचा अंश थेट शोधतात, म्हणून ती योग्यच आहे, पण तुमची वेळ चुकली. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस १४ मार्चचा आणि तपासणी २९ मार्चची, म्हणजे मध्ये केवळ १५ दिवस गेले. औषधांनी मार खाल्लेले थोडे जंतू उरले असतील तर इतक्या दिवसांत ते तपासणीत सापडण्याइतके वाढलेले नसतात. निदान चार आठवडे जावे लागतात. दुसरी अडचण पॅन्टोप्राझोलची आहे. जठरातील आम्ल कमी झाले की या जंतूंची संख्या आणि हालचाल मंदावते, ते तपासणीच्या नजरेतून निसटतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून ही गोळी तपासणीपूर्वी पूर्ण दोन आठवडे बंद असावी लागते.

तुमच्या तारखा धरून हिशेब करा. चार आठवडे ११ एप्रिलला पूर्ण होतात. उद्यापासून पॅन्टोप्राझोल बंद करता आले, तर २५ एप्रिलनंतरचा निकाल भरवशाचा मानता येईल. श्वासाची सोय असेल तर ती चाचणी उत्तम : उपाशीपोटी पिशवीत फुंकायचे, कार्बन-१३ असलेल्या युरियाचे द्रावण प्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचे. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासात दिसतो. ती सोय नसेल तर शौचाचीच तपासणी पुन्हा करा, पण पट्टीवर रेघ पाहण्याऐवजी यंत्रावर होणारी मागा, आणि जुलाब होत असतील त्या दिवशी नमुना देऊ नका.

माधुरीताई, दुखणे थांबल्यावरून जंतू गेला असे म्हणता येत नाही. गोळी चालू असताना व्रण भरू शकतो आणि जंतू तसाच राहू शकतो, मग काही महिन्यांनी व्रण परत येतो. ज्याला व्रण झाला आहे आणि ज्याला ॲस्पिरिन सोडता येत नाही, त्याला ही खात्री इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे.

नारायणबाग_इंदूर

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ॲस्पिरिनमुळेच अडचण उभी राहते. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते की ॲस्पिरिन चालू असेपर्यंत पोटाची गोळी सोडू नका. दोन आठवडे ती बंद केली आणि व्रणातून रक्त गेले तर?

प्रयोगशाळा_वडोदरा

ही भीती रास्त आहे, म्हणून ती गोळी स्वतःहून बंद करू नका आणि ॲस्पिरिन तर मुळीच नाही. काही डॉक्टर त्या दोन आठवड्यांत पॅन्टोप्राझोलऐवजी फॅमोटिडिन देतात, कारण त्याचा या तपासण्यांवर परिणाम बराच कमी होतो. तपासणीच्या एक-दोन दिवस आधी तेही थांबवायला सांगतात. तुमच्या वडिलांना ते पुरेसे संरक्षण देईल का, हे पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे आहे.

गोळी बदलताच येणार नाही असे त्यांनी सांगितले, तरी तपासणी अगदी व्यर्थ जात नाही. गोळी चालू असताना पॉझिटिव्ह आली तर जंतू आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. निगेटिव्ह आली तर मात्र ती मोजू नये.

आणि डॉक्टरांना दोन दिवस चुकल्याचे जरूर सांगा. त्यामुळे कोर्स फसलाच असे नाही, पण जंतू उरला तर पुढचे औषध निवडताना ही माहिती त्यांना लागेल. बाबांवर रागावू नका, ती चव खरोखर असह्य असते.

माधुरी_वडोदरा

मग घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे का? आमच्याकडे सगळे एकाच ताटात जेवतात.

प्रयोगशाळा_वडोदरा

ताई, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. त्रास नसलेल्या प्रत्येकाला तपासावे असे सगळेच म्हणत नाहीत. घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर मात्र अवश्य विचारा.

नारायणबाग_इंदूर

सोमवारी दोन्ही डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोपर्यंत पॅन्टोप्राझोल आणि ॲस्पिरिन दोन्ही चालूच ठेवतो. ते फॅमोटिडिनला तयार झाले तर बदलल्या दिवसापासून पुढे १४ दिवस मोजेन. श्वासाची चाचणी इंदूरमध्ये कोठे होते हे कोणाला माहीत असल्यास कृपया येथे लिहावे.