मदत हवी आहे : आउटलूकमधील एक नियम कधीच लागू होत नाही

उद्यमबाग_खरेदी
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीचा खरेदी विभाग मी सांभाळते. पिग आयर्न, कोक आणि रेझिन पुरवणारे कोल्हापूर व हुबळीकडून दरवाढीची पत्रे मेलने पाठवतात, आणि ती वेळेत नजरेस पडली नाहीत तर जुन्या दराने ऑर्डर निघते व बिलाच्या वेळी वाद होतो. म्हणून डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलूकमध्ये मी सर्वांत आधी एक नियम केला: विषयात Rate Revision किंवा "दर सुधारणा" असेल तर मेलची प्रत "तातडीचे" फोल्डरमध्ये जावी. त्यानंतर प्रत्येक पुरवठादाराचा मेल त्याच्या फोल्डरमध्ये हलवणारे नियम केले. हे सगळे नियम चोख चालतात, पण "तातडीचे" फोल्डर रिकामेच राहते. विशेष म्हणजे घरच्या पत्त्यावरून तोच विषय लिहून मेल पाठवला, तर त्याची प्रत तिथे बरोबर येते. शब्द बरोबर असूनही नियम का चालत नाही?

हुक्केरी_मास्तर
ताई, माझ्या जीमेलमध्ये तर एकाच मेलला दोन फिल्टर लागतात आणि दोन्ही लेबले दिसतात. शाळेचे परिपत्रक "कार्यालय" आणि "परीक्षा" अशा दोन्हीकडे सापडते. तुमच्या शब्दांत कुठेतरी स्पेलिंगची चूक असावी.

निपाणीकर
स्पेलिंग चुकले असते तर घरून पाठवलेला मेलही पोहोचला नसता. दोष Stop processing more rules या खुणेचा आहे. सगळ्या नियमांवरची ती खूण काढून टाका, प्रश्न मिटेल.

खानापूर_सिस्टिम
निपाणीकरांनी कारण बरोबर ओळखले आहे, पण उपाय जसाच्या तसा करू नये. आउटलूक नियम वरून खाली तपासत जातो. ज्या नियमाच्या अटी जुळतात आणि ज्यावर ही खूण आहे, तिथे त्या मेलची तपासणी थांबते, आणि खालच्या नियमांना तो मेल दिसतच नाही. मेलवर राइट क्लिक करून पुरवठादाराचा नियम केला की ही खूण सहसा आपोआप लागते, आणि जुन्या आउटलूकमध्ये नवा नियम यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे ताईंनी सर्वांत आधी केलेला नियम आज तळाला असणार. घरच्या पत्त्यासाठी वर कोणताच नियम नाही, म्हणून तो मेल तळापर्यंत पोहोचतो. जीमेलच्या फिल्टरांना क्रमही नसतो आणि थांबण्याची सोयही नसते, त्यामुळे मास्तरांचा अनुभव खरा असला तरी इथे लागू पडत नाही.

ताई, खात्री करायची असेल तर Manage Rules & Alerts उघडून Run Rules Now वर जा, फक्त दराचाच नियम निवडा आणि इनबॉक्सऐवजी एखाद्या पुरवठादाराचे फोल्डर द्या. तिथल्या जुन्या दरपत्रांच्या प्रती "तातडीचे"मध्ये आल्या, तर अटी निर्दोष आहेत आणि दोष केवळ क्रमाचा आहे. इनबॉक्सवर चालवून उपयोग नाही, कारण मेल तिथून आधीच हललेले असतात.

उद्यमबाग_खरेदी
कोल्हापूरच्या फोल्डरवर चालवून पाहिले. दरपत्रांच्या प्रती लगेच आल्या. यादीतही तो नियम खरोखरच शेवटी आहे. मग खूण काढण्यात अडचण काय आहे?

खानापूर_सिस्टिम
खूण काढली की एकाच मेलवर जुळणारे सगळे नियम चालतात. एकच मेल दोन पुरवठादारांच्या नियमांत बसला, उदाहरणार्थ एका नियमात पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दुसऱ्यात विषयातला "कोक" हा शब्द असेल, तर तो दोन फोल्डरांत दोनदा दिसू शकतो. खरेदीच्या कामात अशी दुसरी प्रत म्हणजे एकाच पत्राला दोघांनी दोन उत्तरे देणे होय. म्हणून पुरवठादारांच्या नियमांवरची खूण राहू द्या. दराचा नियम निवडून बाणाने सर्वांत वर न्या आणि फक्त त्यावर खूण नाही याची खात्री करा. तो प्रत काढून मेल पुढे सोडील, आणि पुढे पुरवठादाराचा नियम मूळ मेल हलवून थांबेल. यापुढे नवा पुरवठादार जोडलात की त्याचा नियम पुन्हा डोक्यावर बसेल, तेव्हा दराचा नियम प्रत्येक वेळी वर आणावा लागेल.

निपाणीकर
दोन प्रतींचा मुद्दा मान्य आहे. मात्र ताईंना दरपत्र एकाच जागी हवे असेल, तर प्रत काढण्याऐवजी मेल हलवावा आणि त्या नियमावरही खूण ठेवावी, असे मला वाटते.

खानापूर_सिस्टिम
तेही चालेल, पण मग पुरवठादाराच्या फोल्डरमध्ये त्याचा पत्रव्यवहार अर्धवट राहील. हिशेबाच्या वेळी तो सलग सापडलेला बरा, म्हणून मी प्रतीच्याच बाजूने आहे.

उद्यमबाग_खरेदी
नियम वर नेला आणि आज हुबळीहून आलेल्या दरपत्राची प्रत "तातडीचे"मध्ये व मूळ मेल पुरवठादाराच्या फोल्डरमध्ये, असे दोन्ही ठिकाणी मिळाले. मनःपूर्वक आभार. एक अडचण मात्र उरली आहे. रेझिनचा एक पुरवठादार विषयात नुसते "नमस्कार" लिहितो आणि दर जोडलेल्या पीडीएफमध्ये असतात. त्यासाठी काय करावे?

खानापूर_सिस्टिम
विषयाची अट पीडीएफच्या आत पाहत नाही. त्या पत्त्यावरून जोडणीसह येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत काढता येईल, पण त्यात त्याची बिलेही येतील.

निपाणीकर
त्यापेक्षा त्यालाच फोन करून विषयात "दर सुधारणा" लिहायला सांगा.

उद्यमबाग_खरेदी
पूर्वी सांगून पाहिले आहे, तो आठवडाभर लिहितो आणि पुन्हा सोडून देतो. तूर्त जोडणीचा नियम लावून बिले किती येतात ते पाहते.