इंग्रजी लग्नपत्रिका मराठीत करताना 'सहकुटुंब' लिहायचे की नाही?

तिस्कावरची (फोंडा)
बाबांच्या जुन्या भागीदारांच्या मुलीचे लग्न आहे, मडगावला, चर्चमध्ये. पत्रिका इंग्रजीत, वेलांट्या-वळणांच्या सोनेरी अक्षरांत. त्यांनी फोटो पाठवून सांगितले, "तुमच्या वाड्यावरच्या जाणत्या माणसांना मराठीत द्यायची आहे, मानाने लिहून दे." मी आपल्या पद्धतीने लिहायला घेतली: चि., चि. सौ. कां., सहकुटुंब सहपरिवार. भाऊ म्हणतो, छापले आहे तेवढेच लिही. कोणाचे बरोबर? शिवाय तारीख २१ डिसेंबर की २७ आणि वराचे आडनाव 'लोबो' की 'सोबो', हेही फोटोत नीट लागत नाही.

माडाखाली
तुझेच बरोबर. पत्रिका ही पत्रिकेसारखीच वाचली गेली पाहिजे. 'रिक्वेस्ट द ऑनर ऑफ युवर प्रेझेन्स'चे तुझ्या भावाच्या हिशेबाने काय होईल? "आपल्या उपस्थितीच्या सन्मानाची विनंती करतात." असला कागद माझ्या आजोबांच्या हातात पडला असता तर त्यांनी आधी चष्मा पुसला असता आणि मग विचारले असते, कोर्टातून आला काय? मी तर शके १९४७ आणि तिथीसुद्धा घालीन. वाचणारा आपला माणूस आहे, त्याला आपल्या भाषेत आमंत्रण जाऊ दे.

बाणस्तारचा बाब
मुळात मराठीत कशाला? गोव्यात राहता तर कोंकणीत करा. माझ्या भाचीच्या लग्नात मी हेच सांगत होतो. छापखान्याने मराठीच छापून दिली, वर एका ठिकाणी मामाचे नाव गाळले. ते मामा म्हणजे मी.

तिस्कावरची
बाब, यजमानांनी मराठीत मागितली आहे. आमच्या वाड्यावर नवप्रभा, तरुण भारत वाचणारी माणसे आहेत, घरात बोलतात कोंकणीच. पण तुमचे नाव गाळायला नको होते, ते खरे.

जुना कंपोजिटर (म्हापसा)
आधी वाचन पक्के कर, मानपान नंतर. सोनेरी फॉइलवर फ्लॅश मारला की ती आरशासारखी चमकते. जाड रेघ पांढरी होते आणि बारीक रेघ नाहीशीच होते. त्यांना सांग, पत्रिका खिडकीशी आडवी धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि किंचित तिरकस दोन फोटो काढा.

मग अंदाज बांधू नकोस, तेच अक्षर त्याच पत्रिकेत दुसरीकडे शोध. असल्या अक्षरांत 'एल' आणि 'एस' दोघेही वरून गाठ मारून खाली शेपटी सोडतात. पण लग्न शनिवारी असेल तर 'सॅटर्डे' तिथे असणारच. त्यातला 'एस' आडनावाच्या पहिल्या अक्षराशेजारी ठेवून बघ. वेगळा दिसला तर 'लोबो'. तारखेचेही तसेच, स्वागत समारंभ साडेसातचा असेल तर त्यातला ७ आणि तारखेतला आकडा ताडून बघ.

तिस्कावरची
वार शनिवारच आहे, तो स्पष्ट दिसतो. चर्च चार वाजता, स्वागत साडेसातला. 'एस' खरेच वेगळा आहे.

जुना कंपोजिटर
मग तारखेचा प्रश्नच मिटला. डिसेंबर २०२५ मध्ये २७ ला शनिवार येतो, २१ ला रविवार. आणि वार दिसत नसता तरी मी २७ च म्हटले असते. नाताळच्या आधीचे चार आठवडे आगमनकाळाचे, त्यात कॅथलिक लोक सहसा लग्न धरत नाहीत. नाताळ झाला की मग गोव्यात हॉल मिळत नाही.

माडाखाली
चला, म्हणजे तिथीही ठरली.

जुना कंपोजिटर
तिथी घालायचीच असेल तर ती कोणती येते बघ. २७ डिसेंबर म्हणजे पौष शुद्ध सप्तमी. पौषात आपल्याकडे लग्ने करत नाहीत. वाड्यावरची पहिली आजी पत्रिका हातात घेऊन विचारील, "पौषात कसे गो काढले लग्न?" ज्यांच्याकडे हा प्रश्नच नाही त्यांच्या दारात तू तो नेऊन ठेवलास. मूळ पत्रिकेत तिथी नाही, तर मराठीतही नको.

कॉपी-पेस्ट (पर्वरी)
एवढा खटाटोप कशाला? छापखान्यातून पीडीएफ मागवा, मजकूर निवडा, कॉपी करा. अक्षर ओळखायची गरजच नाही.

जुना कंपोजिटर
फाइल मागवायला हरकत नाही, पण छपाईला पाठवण्याआधी आम्ही अक्षरांचे कर्व्ह करून टाकतो, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलतो. कर्व्ह झाल्यावर ती अक्षरे राहत नाहीत, नुसती चित्रे होतात. त्यातून कॉपी काहीच होणार नाही. त्यापेक्षा यजमानांनी छापखान्याला साध्या अक्षरांत जो मजकूर पाठवला असेल, तोच मागून घे. नावांची खात्री त्यावरूनच होते.

तिस्कावरचीचा भाऊ
मी तोच भाऊ. मुद्दा तिथीचा नाही, भर घालण्याचा आहे. 'सहकुटुंब सहपरिवार' मूळात नाही. इंग्रजी पत्रिकेत कोणाला बोलावले ते पाकिटावर असते. 'मिस्टर अँड मिसेस' म्हणजे दोघेच, 'अँड फॅमिली' असेल तर घरातले सगळे. हॉलवर प्लेटवर पैसे लागतात. आपण मराठीत 'सपरिवार' लिहिले आणि वीस घरांतून चौघेचौघे आले, तर ज्या चाळीस प्लेटा त्यांनी सांगितल्याच नाहीत, त्यांचे काय?

माडाखाली
आणि 'सहकुटुंब' नसलेली पत्रिका कवळ्यात कोणाच्या घरी नेऊन देणार? माणूस म्हणेल, मला एकट्याला बोलावले, बायकोला नको म्हणाले. ती पत्रिका राहिली नाही, अपमान झाला. आपल्याकडे तो शब्द आकडा सांगायला नसतोच, आदर दाखवायला असतो. चौघेचौघे येतात हा तुझा समज आहे. लोकांना समजते.

तिस्कावरचीचा भाऊ
लोकांना समजते म्हणून शब्द खोटा लिहायचा?

वसईवाला
आमच्या वसईत ख्रिस्ती लग्नाच्या पत्रिका मराठीत छापतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. 'नप्शल्स'ला 'पवित्र विवाह संस्कार' लिहा. मिस्साही असेल तर आमच्याकडे 'ख्रिस्तयाग' म्हणतात, पण गोव्यातल्या हिंदू वाचकाला तो शब्द अडेल, तिथे 'चर्चमधील विवाहविधी' बरा. आणि 'चि.' ला घाबरू नका, तो आशीर्वाद आहे, आमच्या घरच्या पत्रिकेतही असतो.

'सौ.'चे मात्र सांभाळा. इंग्रजीत 'मिसेस' दोघींनाही चालते. मराठीत नवरा हयात असेल तरच 'सौ.', नसेल तर 'श्रीमती'. पत्रिकेत 'द लेट' कुठे आहे का बघा.

तिस्कावरची
आहे. वराच्या वडिलांच्या नावामागे. मी आईला 'सौ.' करून बसले असते! त्यांना 'कै.' लिहू का?

माडाखाली
कैलासवासी? चर्चच्या पत्रिकेत? 'दिवंगत' लिही.

वसईवाला
आमच्याकडे 'कै.' सर्रास लिहितात, कोणाला खटकत नाही.

जुना कंपोजिटर
गोव्यात मी 'दिवंगत'च बसवले आहे. घरच्यांना विचारून ठरव.

आता रचनेबद्दल, कारण मान तिथे असतो. इंग्रजी पत्रिका तिऱ्हाइतासारखी बोलते: श्री. व सौ. अमुक आपणांस विनंती करतात. इंग्रजीत ती अदब आहे. मराठीत तशीच ठेवली तर वर्तमानपत्रातली बातमी वाटते. मराठी पत्रिका यजमान स्वतः बोलतो, 'आमची कन्या' म्हणतो आणि नाव खाली 'आपले विनीत' म्हणून येते. तेव्हा वरची नावे उचलून खाली ने. ही भर नाही, भावालाही चालेल. पण 'श्री मंगेश प्रसन्न' किंवा देवाचे कुठलेही नाव स्वतःहून वर घालू नकोस, ते मात्र भर घालणे आहे.

शेवटी 'रिग्रेट्स ओन्ली' लिहिले आहे का? एका पत्रिकेत मी त्याचे 'क्षमस्व' झालेले पाहिले आहे. त्याचा अर्थ असा की येणार असाल तर कळवायची गरज नाही, येत नसाल तरच फोन करा.

तिस्कावरची
आहे, दोन फोन नंबरांसह. आणि 'टोस्ट ॲट एट शार्प' असेही आहे. हे लिहिले:

> सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.
> आमची कन्या चि. … हिचा विवाह, श्रीमती … व दिवंगत श्री. … लोबो यांचे सुपुत्र चि. … यांच्याशी शनिवार, दि. २७ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी ४ वाजता होली स्पिरिट चर्च, मडगाव येथे होत आहे. या मंगल प्रसंगी आपण अगत्याने उपस्थित राहून वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
> स्वागत समारंभ सायंकाळी ७.३० वाजता. नवदांपत्याच्या अभीष्टचिंतनाचा कार्यक्रम ठीक ८ वाजता.
> येणे शक्य नसल्यास कृपया कळवावे.
> आपले विनीत

चर्चचे नाव 'पवित्र आत्म्याचे मंदिर' केले होते, ते काढले. मडगावात उतरून कोणाला तसे विचारले तर कोणी वाट दाखवणार नाही.

जुना कंपोजिटर
चांगले झाले. 'ठीक ८' ठेवच. आपले लोक जेवणाच्या अंदाजाने नऊला पोचतात, तोवर नवरानवरी हॉलमध्ये येऊन टोस्ट होऊन गेलेला असतो.

माडाखाली
'अगत्याने' आहे, पण 'सहकुटुंब' नाहीच. मी असती तर घातलाच असता.

तिस्कावरचीचा भाऊ
यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, सगळ्यांना घेऊन येऊ देत." पण त्यांची बायको मागून ओरडत होती, "किती जण ते आधी विचार."

माडाखाली
बघ, यजमान काय म्हणाले!

तिस्कावरचीचा भाऊ
आणि यजमानीण?

जुना कंपोजिटर
मजकुरात घालू नका. पाकिटावर प्रत्येक घराप्रमाणे लिहा. कोणाला 'श्री. व सौ.', कोणाला 'सहकुटुंब'. यादी यजमानीणबाईंकडून घ्या.

बाणस्तारचा बाब
आणि यादीत मामांना विसरू नका.