16 इन्व्हर्जन म्हणजे नेमका किती विस्कोट?

सरळरेघ: मर्ज सॉर्ट करता करता इन्व्हर्जन मोजले की अ‍ॅरे किती विस्कटलाय ते एका आकड्यात कळतं, वेगळं काही बघावं लागत नाही. `[5,6,7,8,1,2,3,4]` घ्या. 28 पैकी 16 जोड्या उलट्या, म्हणजे मोठा आकडा आधी आणि लहान नंतर; अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक इन्व्हर्जन. रँडम मांडणीत सरासरी 14 येतात, म्हणजे हा अ‍ॅरे रँडमपेक्षाही वाईट आहे.

रात्रपाळी: "रँडमपेक्षा वाईट" वाचलं आणि गप्प बसवेना. तो अ‍ॅरे नीट बघा. दोन तुकडे आहेत, दोन्ही आतून चढत्या क्रमाने लावलेले, फक्त मागचा पुढे यायला हवा. असाच आकडा बघून मी एक अख्खी सकाळ घालवली आहे. दोन लॉग फाइली उलट्या क्रमाने जोडल्या गेल्या होत्या. इन्व्हर्जन प्रचंड आले आणि मी मशीनचं घड्याळ बिघडलंय असं धरून शोधत बसलो. फाइलीत एकच सांधा चुकला होता! आकड्याने मला विस्कोट किती ते सांगितलं, कशाचा ते नाही.

काठावरचा: 16 आलेच कुठून? माझा कोड 4 देतो. उजवीकडचा घटक आधी उचलला की एक वाढवतो, असे चारच उचलले.

जुनाखेळाडू: तू उचललेले घटक मोजतोयस, जोड्या नाही. 1 उचललास तेव्हा डावीकडे 5, 6, 7, 8 हे चौघेही शिल्लक होते आणि चौघेही त्याच्यापेक्षा मोठे. म्हणून एकदम 4 वाढतात. मग 2 साठी 4, 3 साठी 4, 4 साठी 4. अर्धे तुकडे आतून सरळच आहेत, तिथे शून्य. झाले 16.

```
if a[i] <= b[j]:
    out.append(a[i]); i += 1
else:
    out.append(b[j]); j += 1
    inv += len(a) - i
```

काठावरचा: बरं, हे पटलं. पण `<=` कशाला? मी `<` लिहितो, सॉर्ट बरोबरच होतो.

जुनाखेळाडू: सॉर्ट होईल, मोजणी बोंबलेल. `[3,3,3,3]` चालवून बघ. शून्य यायला हवं, तुला 6 येतील, कारण समान किमतींची प्रत्येक जोडी उलटी धरली जाईल. शिवाय समान घटकांचा मूळ क्रमही मोडतो.

रात्रपाळी: याच `<` ने मला आणखी एकदा छळलंय. वेळ सेकंदात नोंदवलेली, एकाच सेकंदाच्या शेकडो ओळी. सरळ फाइललाही भरमसाट आकडा. तेव्हापासून आधी सॉर्ट केलेला अ‍ॅरे देऊन शून्य येतं का बघतो आणि मगच पुढे जातो.

पूर्णांक: आणि `inv` 32 बिटांत ठेवणाऱ्यांचं काय? 65,536 घटक पूर्ण उलटे दिलेत तर जेमतेम मावतं. एक घटक वाढवा, 2,14,75,16,416 होतात आणि आकडा ऋण दिसतो. लहान अ‍ॅरेवर चालतं म्हणून कोणी बघतच नाही. मी दुसऱ्याच्या कोडमध्ये हे तीनदा निस्तरलंय, प्रत्येक वेळी "कोड तर चालत होता" हेच ऐकलं.

सरळरेघ: मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला! मी कोडच्या चुका विचारल्या नव्हत्या. इन्सर्शन सॉर्टला 16 वेळा सरकवावं लागतं, तितकेच इन्व्हर्जन आहेत. मग हा विस्कोट नाही तर काय?

जुनाखेळाडू: इथे तुझं खरं आहे, आणि हे मी नाकारत नाही. शेजारशेजारच्या अदलाबदली करूनच लावायचं असेल तर नेमक्या 16 लागतात, एकही कमी नाही. पण मोजपट्टी शेजारच्या अदलाबदलीची आहे, "विस्कोट" या शब्दाची नाही. हे दोन बघ: `[2,3,4,5,6,7,8,1]` मध्ये 7, आणि `[2,1,4,3,6,5,8,7]` मध्ये 4. पहिल्यात एक घटक उचलून पुढे ठेवला की काम संपलं. दुसऱ्यात एकही घटक जागेवर नाही, तरी आकडा लहान. तू कुठल्याला जास्त विस्कटलेला म्हणशील?

सरळरेघ: दुसऱ्यात प्रत्येक जण फक्त एक घर चुकलाय. मी अजूनही पहिल्यालाच म्हणेन.

रात्रपाळी: आणि मी दुसऱ्याला. चढते तुकडे मोजले तर पहिल्यात 2, दुसऱ्यात 5. तुमच्या 16 वाल्यातही 2 च, तो एका मर्जमध्ये लागतो.

काठावरचा: मग आकडा लहान आला तर इन्सर्शन सॉर्ट, मोठा आला तर मर्ज सॉर्ट असं ठरवता येईल ना?

जुनाखेळाडू: हा आकडा हातात येतो तेव्हा अ‍ॅरे सॉर्ट होऊन बसलेला असतो. मग निवडणार काय?

सरळरेघ: ठीक. "रँडमपेक्षा वाईट" हे शब्द मागे घेतो. पण दोन क्रमवाऱ्या एकमेकींपासून किती दूर आहेत ते सांगायला मी हाच आकडा वापरणार. तिथे जोड्याच महत्त्वाच्या असतात.

रात्रपाळी: तिथे वापरा. लॉगवर आधी तुकडे मोजा.